एकाच पायावरचा वळ

माझ्या धाकट्या बहिणीचा डावा पाय माझ्या मांडीवर होता आणि मी तिची पोटरी दाबत होते. एवढंच. ती भिंतीला टेकून बसली होती, पाठीमागे दोन उशा, पोटावर दोन्ही हात, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मधूनच म्हणायची, "ताई, जरा खालून दाब ना, हं तिथेच." मी दोन्ही अंगठे रुतवून घोट्यापासून गुडघ्याच्या मागपर्यंत दाबत दाबत वर न्यायचे, परत खाली यायचे. दहा-बारा मिनिटं झाली असतील. खोलीत पंख्याचा आवाज आणि तिचा श्वास. मला खूप छान वाटत होतं खरंतर, लहानपणी ती शाळेतून दमून आली की असाच पाय पुढे करायची. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली, बाळ घरभर धावतं, पण त्या संध्याकाळचे माझे अंगठे काही माझा पिच्छा सोडत नाहीत.

कारण मी फिजिओथेरपिस्ट आहे. गरोदर बायकांच्या व्यायामाची बॅच घेते, ११ वर्षं घेतेय, आणि प्रत्येक नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी मी जी लक्षणं हाताच्या बोटांवर मोजत सांगते ना, की हे झालं तर व्यायाम तिथल्या तिथे बंद, त्यातलं एक तेव्हा माझ्या मांडीवर होतं आणि मी ते दाबत होते.

तिला सातवा महिना होता, २७वा आठवडा. लग्नाआधी आणि नंतरही कधी व्यायामाच्या वाटेला न गेलेली मुलगी. दिवस गेल्यावर पहिले तीन महिने उलट्यांनी बेजार झाली, तेव्हा मी काही बोलले नाही. १४व्या आठवड्यात जरा अंगात जीव आला तेव्हा तिच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सगळं बघून हो म्हटलं, आणि मग मी तिला रोज फक्त १० मिनिटं चालायला सांगितलं. १० म्हणजे १०, बरं वाटतंय म्हणून २० नाही. दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवत वाढवत ती अर्ध्या तासावर आली. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं, सगळं सुरळीत असलेल्या गरोदर बाईने निदान एवढी हालचाल करावी असं आता जगभर सांगतात. चालण्याच्या जोडीला भिंतीला पाठ लावून अर्ध्यातून उठबस, एकेक किलोचे डंबेल्स, श्वास सोडत उचलायचे, श्वास कोंडायचा नाही. ज्यांना पाण्याची सवय आहे त्यांना मी पोहायला सांगते, कारण पाण्यात पोटाचा भार पाण्यावरच जातो आणि कंबर सुटते, आणि ज्यांना तोल जाण्याची भीती वाटते त्यांना जागेवरची सायकल. रस्त्यावरची नको, कारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून शरीराचा तोल पुढे सरकलेला असतो, सांधे सैल झालेले असतात, सवयीच्या वळणावरसुद्धा पडायला होतं. पडायची शक्यता असलेलं सगळं आणि पोटावर चेंडू किंवा कोपर बसू शकेल असं सगळं बंद. समुद्रात खोल बुडी मारायचं स्कूबा डायव्हिंग तर पहिल्या महिन्यापासून बंद, कारण वर येताना रक्तात जे बुडबुडे होतात त्यांच्यापासून बाळाला बचाव नाही. गरम बंद खोलीतला योगाही नको. बाकी बहुतेक सगळं चालतं, हे ऐकून बायका दरवेळी चकित होतात.

आणि किती जोरात, हा प्रश्न तर हमखास येतोच. बहिणीनेही विचारला होता, कारण तिच्या ओळखीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं की नाडी १४० च्या वर गेली की बाळाला धोका. हे १४० कुठून आलं ते मला माहितीये. १९८५ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, 'अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स'ने, पहिल्यांदा गरोदरपणातल्या व्यायामावर सूचना काढल्या, त्यात हा आकडा होता आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांच्या वर नको असंही होतं. पुराव्यापेक्षा काळजीपोटी ठरवलेला आकडा होता तो. १९९४ मध्ये त्यांनीच तो काढून टाकला, पण तोंडातोंडी तो अजून जिवंत आहे. आणि गरोदरपणात नाडीवर भरवसा तरी कसा ठेवायचा, नुसतं बसल्या बसल्याच ठोके नेहमीपेक्षा १०-२० ने वाढलेले असतात. म्हणून मी बोलून बघायला सांगते. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणायला मात्र धाप लागली पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी. बहीण मग चालताना मला फोन लावायची आणि अर्धा तास घरातल्या सगळ्या भानगडी सांगायची, तिचं वाक्य कुठे तुटतंय ते मी इकडून ऐकत असायचे.

त्यामुळे सगळं माझ्या कानाखालून जात होतं असं मला वाटायचं.

या कामातली खरी अडचण कुठे आहे ते सांगते. थांबायची लक्षणं पाठ करणं अवघड नाहीच. अडचण अशी की गरोदरपणात शरीर धडधाकट असतानाही त्या लक्षणांसारखंच वागत असतं. धाप लागते, घेरी येते, पोट घट्ट होतं, पाय सुजतात, पोटरीत गोळे येतात. म्हणजे ज्या गोष्टींना घाबरायचं त्यांची फिकट प्रत रोज अंगावर असते. मग एक तर बाई सगळ्याला घाबरते आणि अंथरुण धरते, नाहीतर सगळ्याला 'हे होतंच' म्हणून सोडून देते. आणि आजूबाजूच्या चार बाळंतपणं पाहिलेल्या बायका दुसऱ्या बाजूलाच ढकलतात, प्रेमानेच ढकलतात. मीही तेच केलं.

धापेचंच बघा. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं जे हार्मोन वाढतं ते मेंदूला सांगतं की श्वास जास्त खोल घे, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतच, पोट दिसायच्याही आधी, बाईला वाटतं की हवा पुरत नाहीये. ही धाप चालताना वाढते, बसलं की दोन-चार मिनिटांत खाली येते, आणि महिनोन्महिने साधारण तशीच राहते. थांबायला लावणारी धाप वेगळी. ती काही करायच्या आधीच असते. चार वर्षांपूर्वी माझ्या बॅचला एक जण यायची, अतिशय शांत, कधी तक्रार नाही. एक दिवस ती आली, चटई पसरली आणि नुसती बसून राहिली, आणि वॉर्मअप सुरू व्हायच्या आधीच मला तिचे खांदे वरखाली होताना दिसले. जिना चढून दहा मिनिटं झाली होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही मॅडम, आजकाल बसल्या बसल्याच असं होतं." 'बसल्या बसल्या' हा शब्द ऐकला आणि मी तिची खालची पापणी ओढून बघितली, आतून कागदासारखी पांढरी. तिला त्या दिवशी एकही हात वर करू दिला नाही, सोबत देऊन डॉक्टरकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. एवढ्या कमी रक्तावर व्यायाम म्हणजे हृदयाला रिकामी बादली घेऊन धावायला लावणं. तिचे उपचार झाले, दोन महिन्यांनी ती परत आली आणि हळूहळू चालायला लागली. सांगायचा मुद्दा हा की तो 'बसल्या बसल्या' मला ऐकू आला होता. परक्या बाईचा ऐकू आला होता.

घेरीचंही तसंच. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी थोडं उतरतं, आणि जोरात चालता चालता कुणी हाक मारली म्हणून बाई खटकन थांबली की पायातलं रक्त पायातच राहतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून शेवटची पाच मिनिटं वेग कमी करत करत थांबायचं. शेवटच्या महिन्यांत पाठीवर उताणं जास्त वेळ पडून व्यायाम नको तोही यासाठीच, जड झालेलं गर्भाशय मागच्या मोठ्या शिरेवर बसतं आणि हृदयाकडे रक्त परत यायला वाटच राहत नाही, मळमळतं, घाम सुटतो. डाव्या कुशीवर वळलं की मिनिटभरात बरं वाटतं. वळूनही बरं वाटत नसेल, छातीत धडधड किंवा दुखणं असेल, शुद्ध हरपतेय असं वाटत असेल तर मग ते कुशीवर वळण्याचं काम नाही, दवाखान्याचं आहे. डोकं फुटल्यासारखं दुखतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर तो दिवस व्यायामाचा नाहीच, कारण ते बीपी प्रचंड वाढल्याचं असू शकतं आणि ते त्याच दिवशी तपासून घ्यावं लागतं.

पोट घट्ट होण्याबद्दल बायका सगळ्यात जास्त विचारतात. चालताना पोट दगडासारखं होतं, अर्धा-एक मिनिट तसंच राहतं, मग सोडतं. मी म्हणते बस, पाणी पी, पाच-दहा मिनिटं थांब. अनियमित असेल, दुखत नसेल आणि बसल्यावर विरत असेल तर ते गर्भाशयाचं आपलं आपलं आकसणं आहे, त्या दिवशी बाकीचा व्यायाम सोडून दे म्हणजे झालं. पण बसल्यावरही ठरावीक वेळाने परत परत येतंय, कंबरेतून पुढे येतंय, दुखतंय, आणि ३७ आठवडे भरायचेत, तर वाट बघायची नाही. आणि दोन गोष्टी अशा आहेत की त्यांना थांबून बघणं, पाणी पिऊन बघणं हे काहीच लागू नाही. एक म्हणजे अंगावरून रक्त, मग ते डागाएवढं का असेना आणि थांबलेलं का असेना. दुसरं म्हणजे पाणी. लघवी निसटली की पाणी गेलं हे बाईला स्वतःला कळत नाही बऱ्याचदा, खोकताना किंवा शिंकताना थेंबभर आलं आणि थांबलं तर बहुतेक लघवीच, पण कोरडं पॅड लावून अर्ध्या तासात ते परत ओलं झालं, लघवीचा वास नाही, तर ते पाणी समजूनच निघायचं. या दोन्ही बाबतीत मी कधी कुणाला 'होतं असं' म्हटलेलं नाही.

पोटरीच्या बाबतीत म्हटलं.

शनिवारी तिचा फोन आला होता. चालत होती आणि म्हणाली, "ताई, आज पाय भरून आलाय गं, डावी पोटरी धरलीय." मी म्हटलं गोळा आला असेल, भिंतीला हात लावून पाय मागे ताण आणि चालत राहा, रात्री झोपताना बोटं स्वतःकडे ओढ. अगदी बरोबर सल्ला, गोळा असता तर. दोन दिवस आधी ती सहा तास गाडीत बसून एका कार्याला जाऊन आली होती, हे मला माहीत होतं. रविवारी ती आमच्याकडे राहायला आली, संध्याकाळी पाय पुढे केला आणि मी तो मांडीवर घेतला. त्या दहा-बारा मिनिटांत माझ्या हाताखाली सगळं होतं. पोटरी कोमट लागत होती, उजवीपेक्षा जास्त कोमट. मी ते ऊबदार अंग म्हणून घेतलं. आणि स्नायू घट्ट होता पण गाठीसारखा नाही, सगळी पोटरीच फुगल्यासारखी, ताणलेली. गोळा येतो तेव्हा स्नायूचा एक भाग लाकडासारखा होतो, जीव जातो बाईचा, पण पाऊल वर ओढलं की काही मिनिटांत सुटतो, दुसऱ्या दिवशी जरा दुखरेपणा उरतो तेवढाच. तो बहुतेक रात्री येतो आणि कधी या पायात तर कधी त्या पायात. हिचं दुखणं शनिवारपासून त्याच पायात, त्याच जागी, उभं राहिलं की वाढणारं. तिने मला ते सांगितलंसुद्धा, मी विचारलं नाही तरी सांगितलं. मी 'हं' म्हटलं.

सोमवारी दुपारी ती बाहेर जाऊन आली आणि पलंगावर बसून मोजे काढत होती. पातळ, घोट्याच्या वर येणारे सुती मोजे. उजवा काढला, इलॅस्टिकची एक पुसट रेघ, अंगठा फिरवला असता तर गेली असती. डावा काढला तर पायाभोवती खोल वळ, दोरी बांधून सोडल्यासारखा, कडेची कातडी दोन्ही बाजूंनी वर आलेली आणि चकचकीत. दोन्ही मोजे एकाच जोडीचे. मी बघत राहिले. गरोदरपणात पाय सुजतात, पण दोन्ही सुजतात, संध्याकाळी दोन्हीवर वळ असतो. एका पायाला मोजा घट्ट आणि एका पायाला सैल, असं होत नाही.

मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो ना, तिथून १० सेंटीमीटर खाली पेनाने खूण केली, दोन्ही पायांवर, आणि तिथे पोटरीचा घेर मोजला. उजवी ३५.५. डावी ३८. मी परत मोजलं. परत तेच. दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त फरक, तोही गरोदर बाईच्या डाव्या पायात, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. गरोदरपणात शिरेत रक्ताची गुठळी झाली तर ती बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण पोटात डाव्या पायाकडून येणारी शीर उजवीकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून जाते, आधीच दाबलेली असते, त्यावर गर्भाशयाचं ओझं. आणि बाळंतपणात रक्त जाऊन बाई दगावू नये म्हणून निसर्गानेच या नऊ महिन्यांत रक्त लवकर गोठण्याची तयारी केलेली असते. त्यात सहा तास गाडीत पाय लोंबकळत. टेप हातात धरून हे सगळं मला धडाधड आठवत होतं आणि त्याच्याही आधी आठवत होतं की काल संध्याकाळी मी ते दाबलंय. शिरेत गुठळी असेल तर पाय चोळायचा नाही, दाबायचा नाही, कारण तुकडा सुटून रक्ताबरोबर वर गेला तर थेट फुप्फुसात. तिला विचारलं, छातीत दुखतंय? श्वास लागतोय? अचानक काही? ती म्हणाली, "नाही गं, तू अशी का बघतेस?"

तासाभरात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. रस्त्यात मी तिचा पाय मागच्या सीटवर सरळ ठेवला आणि त्याला हात लावला नाही.

डॉप्लर सोनोग्राफी मी पूर्वी अनेकदा पाहिली आहे, पण त्या दिवशीचा तो पडदा मी विसरणार नाही. जांघेपासून खाली डॉक्टर प्रोब ठेवत जायच्या आणि प्रत्येक ठिकाणी हलकंच दाबायच्या. पडद्यावर दोन काळी वर्तुळं, एक धमनी एक शीर. दाबलं की शीर चपटी व्हायची, मिटलेल्या डोळ्यासारखी, सोडलं की परत गोल. जांघेत मिटली. मांडीत मिटली. गुडघ्याच्या मागे आल्यावर त्यांनी दाबलं आणि ते वर्तुळ गोलच राहिलं. परत दाबलं. गोलच. आत करडं काहीतरी. कुणी काही बोललं नाही, बहिणीने फक्त माझ्याकडे बघितलं. पोटात बाळाचं मात्र मस्त चाललं होतं, लाथा मारत होतं.

तिला त्याच दिवशी गुठळी वाढू न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू झाली, जी वारेतून पलीकडे बाळाकडे जात नाहीत. रोज टोचून घ्यायची, बाळंतपणापर्यंत आणि पुढे निदान सहा आठवडे. तिच्या मांडीवर निळे-पिवळे डाग पडले होते, ती ते मोजायची. प्रसूतीची तारीख ठरवून, आदल्या दिवशी डोस थांबवून, सगळं व्यवस्थित झालं. मुलगी झाली, २.९ किलोची. हे लिहायला दोन ओळी लागल्या, जगायला तेरा आठवडे लागले.

पण मला त्या तेरा आठवड्यांतली दुसरीच एक गोष्ट लागून राहिली. पहिल्या रात्री आई हॉस्पिटलच्या बाकावर बसून म्हणाली, "तरी मी म्हणत होते, एवढं चालायला लावू नको तिला." आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या चुकीच्या ओझ्याखाली मला वाटलं की आईचंच बरोबर असेल. ते बरोबर नव्हतं. चालल्याने गुठळी झाली नाही. चालताना पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला शिरेतलं रक्त वर ढकलत असतो, तोच तर तिथला पंप आहे, आणि घात झाला तो पंप सहा तास बंद राहिल्याने, दाबल्या गेलेल्या शिरेमुळे, घट्ट होऊ पाहणाऱ्या रक्तामुळे. चालणं चुकलं नव्हतं, शनिवारी पोटरी धरल्यावर चालणं सुरू ठेवायला सांगणं चुकलं होतं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि त्या बाकावर मला ते आईला सांगता आलं नाही. चार-पाच दिवसांनी, इंजेक्शनं लागू पडल्यावर, डॉक्टरांनीच बहिणीला चालायला सांगितलं, घट्ट वैद्यकीय मोजे घालून, आधी घरातल्या घरात, मग बाहेर. आई तेव्हा डॉक्टरांकडे असं बघत होती की जसं त्यांनी काही भलतंच सांगितलं.

आता मी बॅचमध्ये ही गोष्ट सांगते, बहिणीला विचारूनच सांगते. आणि त्याच्याबरोबर हेही सांगते की टेप म्हणजे सगळं काही नाही. गरोदरपणात गुठळी बऱ्याचदा पोटरीत नसून वर, मांडीत किंवा ओटीपोटातल्या शिरेत असते, तेव्हा पोटरीचे दोन्ही घेर सारखेसुद्धा येऊ शकतात आणि दुखतं ते जांघेत, कुल्ल्यात, कंबरेच्या एका बाजूला, किंवा सगळा पायच जड आणि निळसर होतो. पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली आणि दुखणं गेलं नाही तर काही दिवसांनी ती परत करतात. म्हणून घेर सारखा आहे असं म्हणून घरी बसायचं नाही. टेप मला त्या सोमवारी फक्त जागं करायला उपयोगी पडली, रोगाचं निदान टेपने केलं नाही.

मध्यंतरी एकदा मी बहिणीला म्हटलं की त्या संध्याकाळचं माझ्या मनातून जात नाही. ती मुलीला भरवत होती. म्हणाली, "पण ताई, तू दाबत होतीस तेव्हा खरंच बरं वाटत होतं गं." मला माहितीये. तिला बरं वाटत होतं आणि मलाही, म्हणून तर मी एवढा वेळ दाबत बसले.

माझ्या बॅचला हल्ली सगळ्या जणी अनवाणी असतात. आल्या आल्या मोजे काढायचे, पाय लांब करून चटईवर बसायचं, मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त पाय बघत जाते, मग वॉर्मअप. परवा एक नवी आलेली, २२वा आठवडा, जरा लाजली, म्हणाली माझे पाय फार सुजलेत मॅडम, बरे नाही दिसत. मी खाली बसले. दोन्ही घोट्यांवर मोज्याच्या रेघा होत्या, सारख्याच खोल, सारख्याच उंचीवर. बोटाने दोन्हीकडे दाबून बघितलं, दोन्हीकडे तेवढाच खळगा पडला आणि तेवढ्याच वेळात भरला. चेहरा, हात सुजलेत का, बीपी कधी बघितलं ते विचारलं, सकाळीच बघितलं होतं, ठीक होतं. कुठे दुखतंय का विचारलं, नाही म्हणाली. मग मी उठले आणि सगळ्यांना म्हटलं चला, उभ्या राहा, जागच्या जागी चालायला सुरुवात करू, आणि बोलत राहा एकमेकींशी.